अठरा हजार शब्दांचे प्रकरण, नऊ हजारांचा लेख : १८७९ च्या कायद्यावरील एका मसुद्याचा अभ्यास

पीएच.डी.च्या प्रबंधातील एखादे प्रकरण नियतकालिकात लेख म्हणून पाठवायचे ठरले की बहुतेक वेळा पहिला प्रश्न शब्दसंख्येचा असतो. पुढे मांडलेल्या उदाहरणातही तसेच झाले. आर्थिक इतिहासाच्या प्रबंधांचे मसुदे वाचताना वारंवार दिसणाऱ्या गोष्टी येथे एकाच उदाहरणात एकत्र केल्या आहेत, म्हणून विद्यापीठ, नियतकालिक, तालुका आणि व्यक्ती यांची नावे नाहीत. कायदा, त्याची कलमे आणि त्यामागचा इतिहास मात्र जसा आहे तसाच ठेवला आहे. या उदाहरणात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की मसुदा निम्म्यावर आणताना त्यातला एक भाग दीडपटीहून अधिक वाढवावा लागला, आणि तो वाढल्यावरच लेख उभा राहिला.

मूळ प्रकरण

संशोधिकेचा प्रबंध पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण कर्जव्यवहारावर होता. त्यातले चौथे प्रकरण डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट, म्हणजे दख्खनमधील शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी १८७९ साली झालेला कायदा, या विषयाचे होते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेले आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले सावकारांविरुद्धचे दंगे या कायद्यामागे होते. त्या दंग्यांत जमावाचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि चार वर्षांनी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी हा कायदा आला.

प्रबंधातील हे प्रकरण टिपांसह सुमारे अठरा हजार शब्दांचे होते. त्यातले साडेचार हजार शब्द प्रस्तावना व पूर्वसंशोधन यांना, साडेतीन हजार दंग्यांच्या पार्श्वभूमीला, तीन हजार कायद्याच्या तरतुदींना आणि तीन हजार ग्रामनिबंधक व सलोखा करणारे पंच या नव्या यंत्रणेला दिले होते. त्यानंतर एका तालुक्यातील नोंदणीकृत दस्तांचे विश्लेषण आणखी तीन हजार शब्दांत येत होते, आणि उरलेल्या हजार शब्दांत निष्कर्ष होता. प्रबंध म्हणून या रचनेत काही चूक नव्हती. परीक्षकाला उमेदवाराने विषय सर्व बाजूंनी वाचला आहे याची खात्री हवी असते, आणि प्रबंधातले प्रत्येक प्रकरण काही अंशी त्या खात्रीसाठीच लिहिले जाते. नियतकालिकाच्या वाचकाला ही खात्री नको असते. लेखिकेने बरेच वाचले आहे हे तो गृहीत धरतो. आपल्याला आधी ठाऊक नसलेले असे काय या लेखातून कळणार आहे, एवढेच त्याला पहिल्या दोन पानांत हवे असते.

ज्या नियतकालिकाकडे लेख जायचा होता त्याची मर्यादा टिपा आणि तक्त्यांसह नऊ हजार शब्दांची होती. टिपा मर्यादेत धरल्या जातात की नाहीत हे आधीच पाहून घेतलेले बरे, कारण इतिहासाच्या मसुद्यात टिपांचा वाटा चौथ्या हिश्श्यापर्यंत सहज जातो.

पहिली काटछाट

संशोधिकेने पहिल्यांदा जे केले ते बहुतेक जण करतात. प्रत्येक भाग जवळजवळ निम्मा केला. पूर्वसंशोधनातील लांब परिच्छेद आखूड केले, अवतरणे गाळली, विशेषणे काढली, दोन वाक्यांचे एक केले. सहाच्या सहा भाग आणि त्यांचा क्रम तसाच राहिला. शब्दसंख्या नऊ हजारांच्या किंचित खाली आली. संपादकांनी हा मसुदा परीक्षकांकडे न पाठवताच परत केला आणि पत्रात दोनच वाक्ये लिहिली: विषय महत्त्वाचा आहे, परंतु लेखाचे प्रतिपादन काय आहे हे स्पष्ट होत नाही.

असा मसुदा लेखकाला स्वतःलाही ओळखता येतो. लेखाचा सारांश वाचून पाहावा. या मसुद्याच्या सारांशातील वाक्ये अशी होती: "प्रस्तुत लेखात १८७९ च्या कायद्याची पार्श्वभूमी, त्यातील तरतुदी आणि त्याची अंमलबजावणी यांचा आढावा घेतला आहे. त्याचबरोबर एका तालुक्यातील दस्तांच्या आधारे कायद्याच्या परिणामांची चर्चा केली आहे." ही वाक्ये लेखात कोणते विषय आहेत ते सांगतात, पण त्या विषयांबद्दल काहीच विधान करत नाहीत. त्यांना कोणी विरोध करू शकत नाही, कारण विरोध करण्यासारखे त्यांत काही नाही. दुसरी खूण म्हणजे विश्लेषण कितव्या पानावर सुरू होते. या मसुद्यात संशोधिकेचे स्वतःचे काम, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्तांचे वाचन, तेराव्या पानावर सुरू होत होते आणि जेमतेम पंधराशे शब्दांत संपत होते. दोन वर्षांच्या अभिलेखागारातील कामाला जितकी जागा मिळाली होती, त्याहून अधिक जागा दंग्यांच्या सर्वज्ञात कथनाला मिळाली होती.

माझ्या मते समप्रमाणात काटछाट करण्यामागे आळस नसतो, भीती असते. प्रबंधातला प्रत्येक भाग कोणीतरी मागितलेला असतो. पूर्वसंशोधन मार्गदर्शकांनी वाढवायला लावलेले असते, पार्श्वभूमी सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत कोणी विचारलेली असते, आणि पंचांवरचा भाग परीक्षक विचारतील म्हणून घातलेला असतो. ते भाग पूर्ण काढले तर कोणीतरी पुन्हा विचारील असे वाटत राहते. लेखाचे परीक्षक मात्र वेगळे असतात आणि त्यांचे प्रश्नही वेगळे असतात.

विधान शोधणे

दुसऱ्या फेरीत मसुद्याला हात न लावता मूळ प्रकरणाच्या छापील प्रतीवर काम झाले. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो परिच्छेद काय सांगतो हे एका ओळीत लिहायचे, आणि जिथे "याची माहिती" किंवा "यावर चर्चा" यापलीकडे काही लिहिता येत नाही तिथे फुली मारायची, एवढेच काम होते. प्रकरणातल्या निम्म्याहून अधिक परिच्छेदांवर फुल्या पडल्या. उरलेल्या ओळी सलग वाचल्यावर त्यांतली एक ओळ पुन्हा पुन्हा वेगळ्या शब्दांत येताना दिसली. ती दस्तांच्या भागात होती, एका तक्त्याखालच्या परिच्छेदात होती, आणि निष्कर्षात तिचा उल्लेखही नव्हता.

ती गोष्ट समजण्यासाठी कायद्यातील एक तरतूद समजून घ्यावी लागते. या कायद्याने न्यायालयाला कर्जरोख्यावर लिहिलेल्या रकमेवर न थांबता तिच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. सावकार आणि शेतकरी यांच्यातील व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासून, खरोखर किती रक्कम हातात दिली गेली आणि व्याजाचे मुद्दल किती वेळा झाले, हे पाहून देणे ठरवण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले. कर्जरोखा किंवा गहाणखत घेऊन न्यायालयात जाणाऱ्या सावकाराचा हात त्यामुळे आखडला. खरेदीखताचे तसे नव्हते. जमीन विकली असे कागदावर असेल तर तिथे कर्जच नसते, आणि कर्ज नाही तर त्याचा इतिहास तपासण्याचा प्रश्नही येत नाही. लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही हा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ चा नियमही खरेदी घेणाऱ्याच्या बाजूने होता. म्हणून कर्ज देताना गहाणखत न करता खरेदीखत करून घ्यायचे, आणि पैसे फिटले की जमीन परत लिहून देण्याचे वचन तोंडी ठेवायचे, असा मार्ग निघाला. पुढे याच कायद्यात कलम १० अ घालून पुरावा कायद्याच्या कलम ९२ ला न जुमानता व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा लागला, यावरून हा मार्ग किती रुळला होता याची कल्पना येते.

संशोधिकेच्या तक्त्याखालचा परिच्छेद नेमके हेच सांगत होता: कायदा आल्यानंतरच्या वर्षांत तालुक्यातील दस्तांत गहाणखतांचा वाटा घटत गेला आणि खरेदीखतांचा वाढत गेला. यावरून तिने पहिल्यांदा विधान असे लिहिले: "शेतकऱ्याला सावकारापासून वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे सावकारांनी कर्जाला विक्रीचे रूप दिले, आणि त्यामुळे शेतकऱ्याची जमीन पूर्वीपेक्षा लवकर त्याच्या हातून गेली."

हे वाक्य वाचायला चांगले आहे, आणि त्याला विरोधही करता येतो, म्हणजे ते विधान आहे. तरीही त्याचा दुसरा अर्धा भाग टिकत नव्हता. दस्ताच्या नोंदीवरून जमीन कोणाच्या नावावर झाली हे कळते. ती कायमची गेली का, की दोन वर्षांनी परत लिहून दिली गेली, हे त्या नोंदीत नसते. फेरखरेदीचे दस्त शोधल्याशिवाय "हातून गेली" असे म्हणता येत नाही, आणि तो शोध प्रबंधात केलेला नव्हता. शिवाय दख्खनमध्ये जमीन खरोखर मोठ्या प्रमाणावर सावकारांकडे गेली का, हा इतिहासकार रविंदर कुमार आणि नील चार्ल्सवर्थ यांच्या लेखनापासून वादाचा मुद्दा आहे. एका तालुक्याच्या अर्ध्या पुराव्यावर त्या वादात उडी घेतली असती तर परीक्षकांनी तेच वाक्य धरून ठेवले असते. मग विधान असे आकुंचित केले: "कायद्याने कर्जरोख्यामागे जाण्याचा अधिकार न्यायालयाला दिल्यावर या तालुक्यात कर्जाचे व्यवहार गहाणखताकडून खरेदीखताकडे सरकले, आणि जमीन विकणारा त्याच जमिनीवर भाडेकरू म्हणून राहिल्याच्या नोंदींवरून हे सरकणे ओळखता येते."

विधान टोकदार करणे म्हणजे ते अधिक मोठ्याने सांगणे, असा एक समज आहे. येथे झाले ते उलट. विधानाची व्याप्ती कमी झाली, आणि त्याच्या शेवटी पुराव्याची खूण आली. ही खूणच पुढच्या साऱ्या काटछाटीचे माप ठरली.

काय गेले

विधान ठरल्यावर प्रत्येक परिच्छेदाला दोनच प्रश्न विचारायचे होते. हा परिच्छेद नसेल तर वाचकाला विधान समजणार नाही का? आणि हा परिच्छेद नसेल तर वाचक त्या विधानावर शंका घेईल का? दोन्हींचे उत्तर नाही असे आले तर परिच्छेद पूर्ण काढायचा, आखूड करायचा नाही. आखूड केलेला अनावश्यक परिच्छेद हा मूळ परिच्छेदाहून वाईट असतो, कारण त्यात संदर्भ राहतात आणि युक्तिवाद निघून जातो.

दंग्यांची पार्श्वभूमी साडेतीन हजारांवरून पाचशे शब्दांवर आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील कापसाची तेजी, ती ओसरल्यावरची मंदी, शेतसाऱ्याची फेरआकारणी, सुप्यातील पहिला दिवस, हे सारे वाचकाला अन्यत्र मिळते. त्यातून एकच गोष्ट ठेवावी लागली, ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची. त्या कायद्यामुळे कर्जरोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांची झाली, म्हणून सावकार मुदत संपण्याआधी जुन्या रोख्याच्या जागी व्याजासह नवा रोखा लिहून घेऊ लागले. कायदा बदलला की कागदाचे रूप बदलते, हे दख्खनमध्ये आधीही एकदा घडले होते, आणि लेखाच्या विधानाला त्याचा थेट आधार होता. प्रबंधात ही गोष्ट कारणांच्या लांब यादीत हरवली होती.

पूर्वसंशोधनाचे साडेचार हजार शब्द प्रस्तावनेत मिसळून त्यांचे अकराशे झाले. प्रबंधात लेखकनिहाय मांडणी होती: अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी त्यात भर घातली. लेखात हे सारे एका प्रश्नाभोवती आणले. जमीन सावकारांकडे गेली की नाही हे मोजताना आजवर अभ्यासकांनी खरेदीखत म्हणजे विक्री असे धरले, आणि खरेदीखतांतली काही मुळात कर्जेच असतील तर ती मोजणी पुन्हा पाहावी लागते. एवढे सांगण्यासाठी जे अभ्यासक लागले तेच राहिले. बाकीच्यांची नावे गेली, आणि त्यांतली काही संशोधिकेच्या मार्गदर्शकांना फार प्रिय होती. त्यांनी एकदा विचारले. उत्तर ऐकल्यावर पुन्हा विचारले नाही.

सर्वांत अवघड गेले ते ग्रामनिबंधक आणि पंच यांच्यावरचे तीन हजार शब्द काढणे, कारण त्यांतले बरेच काम नवे होते. ग्रामनिबंधकांवरचे दोनच परिच्छेद लेखात राहिले, ते पुराव्याच्या अडचणीसाठी, जी पुढे येईल. पंचांचा भाग पूर्ण गेला. दावा दाखल करण्याआधी पंचांपुढे सलोख्याचा प्रयत्न झाला की नाही याने कर्ज कोणत्या कागदावर लिहिले गेले हे बदलत नाही. तो भाग कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते.

काय वाढले

मसुदा आता सुमारे पाच हजार शब्दांचा झाला होता आणि अजून तो लेख नव्हता. प्रबंधातील प्रकरण एकटे उभे नसते. त्याला आधीची प्रकरणे टेकू देत असतात. दस्तांच्या साधनांची चर्चा दुसऱ्या प्रकरणात होती. "शेतकरी" म्हणजे कोण याची चर्चा पहिल्या प्रकरणात होती, आणि ती येथे हवी होती, कारण ज्याची उपजीविका पूर्णतः किंवा मुख्यतः शेतीवर चालते त्यालाच कायद्याचे संरक्षण होते. मोकळ्या झालेल्या चार हजार शब्दांत हे सारे आणायचे होते, आणि ते आणताना प्रबंधातच राहून गेलेली एक भेग दिसली.

प्रबंधातील मुख्य तक्ता १८७९ च्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतील एकूण दस्तांची तुलना करत होता. पण दोन्ही काळांत दस्त नोंदवण्याचे नियमच वेगळे होते. नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंदणी सक्तीची होती, आणि त्याखालच्या बहुतेक दस्तांची ऐच्छिक होती. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याने केलेले दस्त ग्रामनिबंधकापुढे लिहिणे आवश्यक केले, नाहीतर ते पुराव्यात घेतले जात नसत. म्हणजे कायद्यानंतर नोंदी वाढल्या त्या व्यवहार वाढल्यामुळे, की पूर्वी नोंदवले न जाणारे कागद आता वहीत आले म्हणून, हे त्या तक्त्यावरून सांगताच येत नव्हते. अठरा हजार शब्दांत ही अडचण कोणाला खुपली नव्हती. एकाच विधानावर उभ्या राहिलेल्या लेखात ती दुसऱ्याच वाचनाला समोर आली.

उपाय असा केला की तुलना फक्त शंभर रुपये व त्यावरील दस्तांपुरती ठेवली, कारण त्यांची नोंदणी दोन्ही काळांत सक्तीची होती. एकूण संख्यांची तुलना सोडून दिली, आणि त्या दस्तांत गहाणखते व खरेदीखते यांचा परस्परांशी असलेला वाटा पाहिला. यासाठी तीच टिपणे पुन्हा मोजावी लागली आणि पाचांपैकी चार तक्ते बाद झाले. किंमतही मोजावी लागली: लहान शेतकऱ्यांचे शंभराखालचे व्यवहार लेखाबाहेर गेले, आणि नोंदणी टाळण्यासाठी किंमत मुद्दाम नव्याण्णव रुपये लिहिली गेली असेल तर तेही दिसेनासे झाले. विधानात "शंभर रुपये व त्यावरील व्यवहारांत" हे शब्द घालावे लागले. मर्यादा अशा रीतीने विधानातच असावी. ती निष्कर्षाच्या शेवटच्या परिच्छेदात ठेवली तर मधली पंधरा पाने तिच्याविना वाचली जातात.

वाढलेला दुसरा भाग खऱ्या विक्रीतून नावापुरती खरेदी वेगळी कशी काढायची, याचा होता. प्रबंधात हे एका परिच्छेदात उरकले होते. लेखात त्यासाठी बाराशे शब्द दिले आणि एक दस्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. एक शेतकरी आपले शेत एका सावकाराला खरेदी देतो. त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांपुढे, तोच सावकार तेच शेत त्याच शेतकऱ्याला वर्षाच्या खंडाने लावून देतो आणि शेतकरी तशी कबुलायत लिहून देतो. खंडाची रक्कम खरेदीच्या रकमेशी ताडून पाहिली तर ती जमिनीच्या उत्पन्नाच्या मानाने ठरलेली दिसत नाही. ती त्या रकमेवरच्या व्याजासारखी दिसते. अशा जोड्या वहीत शोधायच्या असतील तर खरेदीखत आणि कबुलायत यांच्या तारखा, पक्षकार आणि भूमापन क्रमांक जुळवत जावे लागते, आणि हे काम नुसत्या दस्तांच्या प्रकारवार मोजणीपेक्षा फार वेळखाऊ असते. विक्रेता जमिनीवर भाडेकरू म्हणून राहणे ही एक खूण, खंड व्याजासारखा असणे ही दुसरी, आणि काही वर्षांनी त्याच जमिनीची फेरखरेदी नोंदलेली सापडणे ही तिसरी. तिसरी फारच थोड्या दस्तांत सापडली, म्हणून लेखात तिच्यावर काही आधारले नाही. ती सापडली तिथे नमूद केली, इतकेच.

खुणांच्या या चर्चेने आणि पुन्हा केलेल्या मोजणीने विश्लेषणाचा भाग तीन हजारांवरून जवळजवळ पाच हजारांवर गेला. संपूर्ण लेख टिपांसह आठ हजार आठशे शब्दांचा झाला. प्रबंधात सहाव्या हिश्श्याचा असलेला भाग लेखात निम्म्याहून मोठा झाला.

पाठवताना

शीर्षक सर्वांत शेवटी बदलले. "१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा : पार्श्वभूमी, तरतुदी आणि परिणाम" या जागी "विक्रीच्या नावाने कर्ज : १८७९ च्या कायद्यानंतरची खरेदीखते आणि कबुलायती" असे आले. सारांशाचे पहिले वाक्य विधानाचे, दुसरे पुराव्याचे, तिसरे पद्धतीचे आणि शेवटचे या निष्कर्षामुळे जुन्या मोजणीत काय बदलते याचे, अशी रचना ठेवली. "आढावा" आणि "चर्चा" हे शब्द सारांशात राहिले नाहीत.

प्रबंध शोधगंगेवर उपलब्ध होता, आणि नियतकालिक मजकुराचे साम्य तपासणार हे उघड होते. काही परिच्छेद प्रबंधातून जवळपास जसेच्या तसे आले होते, विशेषतः कायद्याच्या तरतुदींचे. ते शब्द फिरवून साम्य लपवण्याचा सल्ला संशोधिकेला एका मित्राने दिला होता. तो तिने मानला नाही हे बरे झाले. लेख प्रबंधातील एका प्रकरणावर आधारलेला आहे, मुख्य तक्ता नव्याने मोजला आहे, आणि साम्य दिसेल ते याच प्रबंधाशी दिसेल, असे तिने संपादकांना सोबतच्या पत्रात लिहिले. परीक्षकांकडे लेखकाचे नाव न कळवता लेख जाणार होता, म्हणून मसुद्यातील "माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे" अशी वाक्ये काढली आणि प्रबंधाचा उल्लेख फक्त पत्रात ठेवला. हे वाक्य टिपांमध्ये दोन ठिकाणी राहून गेले होते आणि शेवटच्या वाचनात सापडले. टिपा सहसा कोणी पुन्हा वाचत नाही.

दोन परीक्षकांपैकी पहिल्याने नेमका अपेक्षित प्रश्न विचारला. या काळात जमिनीची किंमत वाढत असेल तर खरी विक्रीही वाढेल. मग खरेदीखतांचा वाढता वाटा कायद्यामुळेच आहे असे कसे म्हणता? याचे उत्तर कबुलायतींत होते. खऱ्या विक्रीत विक्रेता सहसा जमीन सोडतो, आणि जोडीने लिहिलेल्या कबुलायतींचा वाटा वाढत जाण्याचे कारण निव्वळ किमतींच्या वाढीत सापडत नाही. हा युक्तिवाद मसुद्यात होता, पण विखुरलेला होता. तो एका जागी आणून त्याला स्वतंत्र उपशीर्षक दिले. ज्याने शेत विकले तो अन्य कारणानेही त्याच शेतावर कूळ म्हणून राहू शकतो, ही शक्यताही तिथेच मान्य केली.

दुसऱ्या परीक्षकाने दंग्यांची पार्श्वभूमी फारच त्रोटक असल्याचे सांगून ती वाढवण्यास सुचवले. परीक्षकाने मागितले की द्यायचेच, असे नवखे लेखक मानतात. येथे साडेतीन हजार शब्द तयारच होते आणि त्यांतले हजार परत घालण्याचा मोह मोठा होता. संशोधिकेने उत्तराच्या पत्रात लिहिले की दंग्यांची कारणे हा या लेखाचा प्रश्न नाही, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा संदर्भ अधिक स्पष्ट करण्यासाठी दोन वाक्ये वाढवली आहेत. संपादकांनी ते मान्य केले.

पंचांवरचा काढलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये आहे. त्याचाही लेख करावा असे तिला वाटते, आणि पहिल्या लेखाचा तुकडा मोडून दुसरा केला असे कोणी म्हणू नये म्हणून त्याचा प्रश्न आणि त्याची साधने वेगळी असायला हवीत हेही तिला ठाऊक आहे. सलोख्याच्या नोंदींत शेतकरी आणि सावकार किती वेळा हजर राहिले हे तिच्याकडे आहे, पण त्यावरून काय म्हणायचे आहे हे अजून एका वाक्यात लिहिता आलेले नाही, म्हणून त्या फाइलला तिने हात लावलेला नाही.